घरच्या संकटात कामगिरी घसरलेल्या चांगल्या माणसाचं अप्रेझल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अप्रेझलचा मोसम आला की टीम लीड मंडळी माझ्याकडे एक ठरावीक चेहरा घेऊन येतात. टीममधलं सगळ्यात भरवशाचं माणूस, यंदा घरी काहीतरी मोठं घडलेलं, आकडे पडलेले आणि फॉर्म भरायची मुदत उद्याची. त्या वेळी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

बोलायला सोपं जावं म्हणून एकच प्रकरण शेवटपर्यंत धरतो. नवे ग्राहक आणणाऱ्या टीममधली एक सीनियर. मागची तीन वर्षं तिला पाचपैकी चार रेटिंग. यंदाचं टार्गेट बारा नवे ग्राहक, म्हणजे महिन्याला एक. पाचव्या महिन्याच्या सुरुवातीला वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. दीड महिना ती रजेवर होती. परत आल्यावर लीडशी बोलून तीन महिने अर्धा दिवस काम केलं, मग पुन्हा पूर्ण वेळ. वर्षअखेर ग्राहक आले सात. सिस्टिम म्हणते ५८ टक्के, आणि ५८ टक्क्यांना आपोआप ‘दोन, सुधारणा हवी’ असं रेटिंग सुचवते.

सरळ सांगा, रेटिंग कमी द्यायचं की नाही?

आधी टार्गेट दुरुस्त करायचं, मग रेटिंग द्यायचं. गोंधळ होतो तो हा क्रम उलटा झाल्यामुळे. लोक बारा टार्गेट तसंच ठेवतात, सात आकडा बघतात आणि मग स्वतःच्या मनाशी भांडत बसतात की ‘दोन देऊ की दया दाखवून तीन देऊ?’ इथे दयेचा प्रश्नच नाही. जे महिने ती कामावर नव्हतीच, त्या महिन्यांचं काम तिच्याकडून अपेक्षित धरणं हा हिशेबातला दोष आहे. तो आधी काढा. तो काढल्यावरही जी तूट उरेल ती मात्र खरी तूट, आणि ती फॉर्ममध्ये दिसली पाहिजे.

मग रजेचे दिवस कसे धरायचे?

या प्रकरणात बारा महिन्यांपैकी दीड महिना पूर्ण रजा आणि तीन महिने अर्धा वेळ, म्हणजे आणखी दीड महिना गेला. हातात राहिले नऊ महिने. महिन्याला एक या हिशेबाने टार्गेट नऊ. सात आले म्हणजे साधारण ७८ टक्के. ५८ आणि ७८ मधलं अंतर कुणाच्या मेहेरबानीचं नाही, तो साधा भागाकार आहे.

दोन गोष्टी तपासून घ्या. एक, तुमच्याकडे टार्गेट असं कमी करायचा लेखी नियम आहे का. असेल तर तोच पाळा, स्वतःचं सूत्र काढू नका. दोन, रजा कोणत्या प्रकारची होती. बऱ्याच ठिकाणी आजारपणाची, बाळंतपणाची किंवा घरच्यांच्या शुश्रूषेची रजा कायद्याने संरक्षित असते. उदाहरणार्थ, अमेरिकेत १९९३ च्या कौटुंबिक व वैद्यकीय रजेच्या कायद्याखाली घेतलेली रजा बढतीसारख्या निर्णयात कर्मचाऱ्याच्या विरोधात धरता येत नाही. तुमच्याकडे काय लागू आहे ते फॉर्म भरण्याआधी एचआरला विचारा, भरल्यानंतर नको.

आणि माणूस वर्षातला बहुतेक काळ हजरच नसेल, तर रेटिंग देण्याइतकं काम समोर नसतं. काही कंपन्यांत अशा वेळी ‘रेटिंग नाही’ हा पर्याय असतो. दोन महिन्यांच्या कामावरून वर्षाचा निकाल लावण्यापेक्षा तो बरा.

भागाकार केला की झालं?

नाही, आणि इथेच बहुतेक लीड चुकतात. भागाकार असं गृहीत धरतो की माणूस परत आला त्या दिवसापासून निकालही परत येतील. तसं होत नाही.

या टीममध्ये पहिल्या भेटीपासून सही होईपर्यंत साधारण तीन महिने जातात. म्हणजे रजेच्या दीड महिन्यात ज्या भेटी झाल्या नाहीत, त्यांचा खड्डा ती परत आल्यानंतरच्या महिन्यांत दिसणार. तिच्या सात ग्राहकांची तारीखवार यादी काढली तेव्हा ते स्पष्ट झालं : पहिल्या चार महिन्यांत पाच, अर्ध्या वेळाच्या तीन महिन्यांत शून्य, शेवटच्या साडेतीन महिन्यांत दोन. ते शेवटचे दोन बघून लीड म्हणाला, ‘आता तर पूर्ण वेळ आहे, तरी लक्ष लागत नाहीये.’

लक्ष लागतंय की नाही हे सह्यांवरून कळत नाही, भेटींवरून कळतं. संकटाआधी ती महिन्याला साधारण दहा पहिल्या भेटी घ्यायची. अर्ध्या वेळात महिन्याला तीन झाल्या. पूर्ण वेळ परतल्यावर पहिल्या महिन्यात सात, मग दहा, मग अकरा. म्हणजे माणूस केव्हाच रुळावर आलं होतं, सह्या फक्त मागून येत होत्या. तुमच्या कामात ‘पहिली भेट’ नसेल, पण निकालाच्या आधी येणारं काहीतरी नक्की असतं : लिहिलेले आराखडे, तपासलेल्या फायली, सुरू केलेली प्रकरणं. ते मोजा.

उलटंही होतं, तेही बघा. घसरण संकटाच्या आधीच सुरू झालेली असते आणि नंतर सगळं त्या संकटाच्या खात्यावर टाकलं जातं. तारीखवार यादीत तेही झाकून राहत नाही.

अर्ध्या वेळाच्या काळात ती रजेवर नव्हती, रोज येत होती, पण मन ठिकाणावर नव्हतं. ते कसं मोजायचं?

मोजू नका. अर्ध्या वेळात महिन्याला पाच भेटी अपेक्षित होत्या, तीन झाल्या. त्या दोन कशामुळे कमी पडल्या हे आपल्याला ठाऊक आहे, पण मन किती टक्के हजर होतं याचं सूत्र नाही. बनवायला गेलात तर पुढच्या वर्षी दहा जण आपापली टक्केवारी घेऊन येतील.

माझी रेघ अशी आहे : जे आधी ठरलं होतं, त्याप्रमाणे टार्गेट बदलतं, जे ठरलं नव्हतं, ते संदर्भ म्हणून शेऱ्यात येतं पण आकडा हलवत नाही. म्हणून खरी सवलत द्यायची वेळ असते संकट चालू असताना. ‘हे तीन महिने नवे ग्राहक थांबव, जुने सांभाळ’ असं त्याच आठवड्यात ठरवून दोन ओळींची मेल टाकली असती, तर वर्षअखेर कुणालाच कपाळाला हात लावावा लागला नसता. इथे अर्ध्या दिवसाचं तोंडी ठरलं होतं, सिस्टिममध्ये टार्गेट कुणी बदललंच नाही. ही चूक लीडची, तिची नव्हे. तोंडी ठरलेलं असलं तरी ठरलेलं होतं, त्यामुळे मी ते धरलं. हजेरीच्या नोंदी आणि त्या काळातले मेसेज पुरावा म्हणून पुरले.

मग तिला शेवटी रेटिंग काय दिलं?

तीन, म्हणजे ‘अपेक्षेनुसार’. दोन द्यायला ‘हिला सुधारणा हवी’ असं दाखवणारा पुरावा लागतो आणि शेवटच्या तिमाहीतल्या भेटी नेमकं उलटं सांगत होत्या. चार द्यायला अपेक्षेपेक्षा सरस काम लागतं. ते पहिल्या चार महिन्यांत होतं, वर्षभरात नव्हतं. शिवाय दोन ठळक चुका होत्या : एका ग्राहकाला जुन्या दराचा प्रस्ताव गेला, आणि एका बैठकीला ती पोचली नाही व कुणाला कळवलंही नाही. ग्राहक चाळीस मिनिटं वाट पाहून निघून गेला.

मागच्या तीन वर्षांच्या चारचं काय, असंही विचारतात. ते त्या त्या वर्षी देऊन झालं. जुनं चांगलं काम बढतीच्या चर्चेत मोजतात, या वर्षाच्या रेटिंगमध्ये नाही.

एवढं भोगलेल्या माणसाला एक चार देऊन टाकला तर कुणाचं काय बिघडतं?

मी एकदा देऊन टाकलाय, म्हणून सांगतो. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, त्यातला प्रकार. दुसऱ्या एका माणसाला, त्याच्या घरातलं दुःख मला बघवेना म्हणून, चार दिला. पुढच्या वर्षी त्याने खरोखर दणकून काम केलं, आणि त्यालाही चारच मिळाला. कागदावर दोन्ही वर्षं सारखी. त्याची उभारी कुणाला दिसलीच नाही, कारण पडझड मीच झाकली होती. तो बढतीसाठी गेला तेव्हा समिती म्हणाली, ‘आलेख सपाट आहे.’

दुसरं बिघडतं ते शेजारच्या टेबलावर. आपल्या प्रकरणात तिच्या रजेच्या काळात एका सहकाऱ्याने तिचे जुने ग्राहक सांभाळले, त्यांच्या तक्रारी निस्तरल्या. हे काम कोणत्याच टार्गेटच्या रकान्यात बसत नाही. त्याला त्याच्या नेहमीच्या आकड्यांवर तीन आणि तिला सहानुभूतीचा चार, असं झालं तर पुढच्या वेळी कुणाचं ओझं उचलताना तो दोनदा विचार करेल. त्याच्या फॉर्ममध्ये ते वेगळं, ठळक लिहा. आम्ही लिहिलं आणि त्याचा चार त्यावरच पास झाला.

एक नाजूक मुद्दा : तिने सुरू केलेली दोन प्रकरणं त्याने सहीपर्यंत नेली. ती कुणाची? जिथे सही झाली तिथे एकदाच मोजा, आणि दोघांच्या शेऱ्यात दोघांची नावं घाला. दोन्हीकडे मोजलीत तर पुढचा माणूस तुमची बेरीज पकडेल आणि बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जाईल.

फॉर्ममध्ये घरचं कारण लिहायचं का?

नाही. वडील, झटका, घरची परिस्थिती, यातलं काहीही नाही. फॉर्म वर्षानुवर्षं राहतो आणि उद्या तो कोण उघडेल याचा नेम नाही. फॉर्मला कारण लागत नाही, फक्त उपलब्ध वेळ लागतो.

लीडने आधी लिहिलेला शेरा असा होता : ‘घरगुती अडचणींमुळे यंदा कामावर परिणाम झाला. तरीही प्रामाणिक प्रयत्न केले. पुढील वर्षी पूर्वीसारखी कामगिरी अपेक्षित.’ वाचायला प्रेमळ वाटतो, पण त्यात एकही माहिती नाही, आणि नवा लीड आला तर त्याला एवढंच कळेल की हिच्या घरी अडचणी असतात.

आम्ही तो असा केला : ‘मंजूर रजा व ठरवून कमी केलेला वेळ धरता उपलब्ध काळ नऊ महिने, त्यानुसार उद्दिष्ट नऊ, साध्य सात. पहिल्या चार महिन्यांत उद्दिष्टापेक्षा एक जास्त. शेवटच्या तिमाहीत पहिल्या भेटींचं प्रमाण पूर्ववत. एका प्रस्तावात दराची चूक. एका बैठकीची अनुपस्थिती न कळवलेली. दोन्हींवर चर्चा झाली.’ कोरडा आहे, मान्य. पण यातली प्रत्येक ओळ तिच्या बाजूने किंवा विरुद्ध तपासता येते.

एखादीने वर्षभर काही सांगितलंच नाही, थेट अप्रेझलच्या बैठकीत कळलं. आता?

रेटिंग तिथेच जाहीर करू नका. ‘हे मला आज कळतंय, मला आठवडाभर दे’ म्हणा आणि थांबा. मग हजेरी, रजा, कामाच्या तारखा यांच्याशी पडताळा. नोंदीत काही सापडलं तर टार्गेट बदला. नाही सापडलं तर रेटिंग तेच राहील, पण पुढच्या वर्षाची आखणी वेगळी होईल. वैद्यकीय कागद स्वतः मागू नका. ते लागलेच तर एचआर मागेल आणि एचआरकडेच राहतील. किती सांगायचं हे तिने ठरवायचं. तुम्ही विचारायचं ते एवढंच : कोणत्या काळात किती वेळ देता आला, आणि पुढे किती देता येईल?

कॅलिब्रेशनच्या बैठकीत तिची बाजू कशी मांडायची?

कॅलिब्रेशन म्हणजे सगळ्या टीमची रेटिंग शेजारी ठेवून जुळवायची बैठक. तिथे पाच-सहा लीड, दोनशे नावं आणि प्रत्येक नावाला जेमतेम दोन मिनिटं असतात. तिथे ‘खूप सोसलंय हो तिने’ म्हणालात की समोरचा म्हणतो, ‘माझ्याकडेही एक जण आहे.’ मग दुःखांची तुलना सुरू होते. ती कुणी जिंकू नये अशी स्पर्धा आहे.

दुसरा धोका म्हणजे कुणीतरी हलकेच म्हणतं, ‘तिचा पूर्वीचा जोर राहिला नाही.’ परिस्थितीमुळे झालेल्या गोष्टी स्वभावाच्या खात्यावर टाकायची माणसाची खोड जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये तिला नाव देऊन मांडणी केली. त्यावर वाद घालू नका, भेटींचे आकडे ठेवा : दहा, मग तीन, मग सात, दहा, अकरा. मी एवढंच बोललो आणि तीन मिनिटांत नाव पुढे गेलं.

पगारवाढ आणि बोनस?

इथे एक सापळा आहे, नीट बघा. बऱ्याच ठिकाणी बोनस हजर महिन्यांच्या प्रमाणात आधीच कापलेला असतो. त्यावर रेटिंगही त्याच महिन्यांमुळे खाली आलं असेल, तर एकाच दीड महिन्याची शिक्षा दोनदा होते. म्हणूनही टार्गेट आधी दुरुस्त करायचं. मदत करायची असेल तर ती मदतीच्या वाटेने करा : आगाऊ रक्कम, कर्मचारी साहाय्य निधी, वेळेची सवलत. रेटिंगच्या वाटेने केलेली मदत तिला मदत म्हणून कळतही नाही.

बढतीचं वेगळं. ‘लागोपाठ दोन वर्षं चार’ असा नियम असेल, तर हे वर्ष मोजणीतून वगळता येतं का ते विचारा. पात्रता तीन-चार वर्षांच्या कामावर ठरते, ती एका वर्षाच्या तीनमुळे पुसली जाऊ नये.

तिच्याशी बोलायचं कसं?

चौकशी आधी आणि खरी करा, पण तिची लांबण लावू नका. अर्धा तास वडिलांबद्दल बोलून शेवटी आकडा टेकवला, तर तो अर्धा तास तिला खोटा वाटतो. आपल्या प्रकरणात लीडची तिच्याशी बैठक साधारण अशी झाली.

‘बाबा कसे आहेत आता?’

‘व्हीलचेअरवर बसतात. बोलणं अजून अडखळतं.’

‘घरी कोण असतं दिवसा?’

‘एक ताई येतात. आता बसलंय तसं.’

‘बरं. आज वर्षाच्या कामाचं बोलू. रेटिंग तीन आहे. टार्गेट नऊ धरलंय, बारा नाही. हे बघ कसं.’

तिने कागद बराच वेळ पाहिला. ‘मला वाटलं होतं दोन येईल,’ म्हणाली. मग थोड्या वेळाने, ‘पण दरवर्षी चार असतो.’

‘हो. पहिल्या चार महिन्यांचं काम चारचंच आहे. पूर्ण वर्षाचं नाही.’

यावर ती काही बोलली नाही, आणि लीडनेही ती शांतता भरून काढली नाही, हे चांगलं केलं. नंतर त्याने ग्राहकाच्या त्या चुकलेल्या बैठकीचा विषय काढला. ‘त्या दिवशी कुणाला एक मेसेज टाकता आला नसता का?’

‘टाकणार होते. हॉस्पिटलच्या जिन्यात उभी होते फोन घेऊन. कुणाला टाकायचा तेच सुचेना.’

ही चूक तिची होतीच, पण त्या उत्तराने आणखी एक गोष्ट उघडी पडली : त्या टीममध्ये कुठल्याच ग्राहकाला दुसरं नाव जोडलेलं नव्हतं. आता प्रत्येकाला आहे.

डोळ्यांत पाणी आलं तर थांबा, पाणी द्या, हवं तर उद्या भेटू म्हणा. रेटिंग मात्र तिथल्या तिथे बदलू नका.

संकट संपतच नसेल तर?

झटका आला, सावरला, हे एक. कायमचं पथ्यपाणी, दर आठवड्याच्या फेऱ्या, हे वेगळं. पहिल्या प्रकारात तात्पुरती सवलत चालते. दुसऱ्या प्रकारात तीच सवलत दर तीन महिन्यांनी वाढवत राहिलात तर ती व्यक्ती कायम कर्जात असल्यासारखी वावरते आणि टीम कायम थोडी चिडलेली असते.

म्हणून प्रत्येक सवलतीला तारीख घाला. साधारण सहा ते आठ आठवडे, मग पुन्हा बसायचं. दुसऱ्यांदा वाढवायची वेळ आली की प्रश्न बदला : ‘कधी पूर्ववत होशील?’ हे सोडून ‘आता जो वेळ आहे त्यात कोणतं काम नीट बसतं?’ कधी उत्तर कमी तास आणि त्या प्रमाणात पगार असं येतं, कधी प्रवास नसलेली भूमिका. ते ठरल्यावर मोजमाप त्या नव्या भूमिकेचं, पूर्ण आणि बिनसवलतीचं.

पीआयपी, म्हणजे ठरावीक मुदतीत सुधारणा दाखवायची लेखी योजना, ही शेवटची पायरी. संकट ऐन भरात असताना ती सुरू करू नका, त्या काळात सुधारणा दाखवणं माणसाच्या हातात नसतं. पण वेळ परत मिळाला, काम नीट ठरवून दिलं आणि तरी दोन तिमाह्या निकालाआधीचे आकडेही हलले नाहीत, तर मग कारण शोधायला घराकडे बघणं थांबवा.

हे सगळं वाचलं, पण फॉर्म कालच सबमिट झाला. आता काय?

एचआरला आजच मेल करा. रेटिंग कर्मचाऱ्याला कळेपर्यंत फॉर्म बहुधा परत उघडता येतो. त्यात ‘चुकून कमी दिलं’ असं लिहू नका. ‘टार्गेटमध्ये मंजूर रजेचा काळ वजा करायचा राहिला’ असं लिहा, रजेच्या तारखा आणि बदललेला आकडा जोडा. कळवून झालं असेल तर तिच्या हरकतीची वाट पाहू नका, फेरविचाराची विनंती तुम्हीच टाका.